घरघंटीच्या आवाजाबद्दल २०३ च्या ताईंना, आणि सोसायटीलाही

प्रति,
२०३ च्या ताई, कमिटीचे पदाधिकारी आणि गुरुवारपासून या विषयावर मत देणारे सगळे सभासद,

सप्रेम नमस्कार.

मी ३०३ मधला. ताईंनी गुरुवारी ज्या ‘वरून येणाऱ्या घरघरीबद्दल’ लिहिलं, ती घरघर आमची आहे. ताईंनी फ्लॅटचा नंबर लिहिला नव्हता, तो त्यांचा चांगुलपणा. पण अख्ख्या विंगला थालीपिठाची भाजणी कुणाकडे दळली जाते हे माहीत असताना मी गप्प बसून काय मिळवणार? तेव्हा पहिली गोष्ट, तक्रार खरी आहे. दुसरी, तिच्यावर उपाय आहे आणि अर्धा करून पाहिलाय. बाकीच्या अर्ध्यासाठी हे पत्र.

त्याआधी ज्यांनी माझी बाजू घेतली त्यांना एक विनंती. “दिवसा अकरा वाजता कोण झोपतं?” असं कुणीतरी विचारलंत. ताई मिरजेला हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. नाइट ड्युटी संपवून त्या साडेआठ-नऊला घरी येतात आणि दुपारी दोनपर्यंत झोपतात. आमची मंडळी अकराला दळण लावते, म्हणजे त्यांच्या हिशोबानं मध्यरात्री. सरकारी नियमात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हे सेक्रेटरींनी लिहिलं ते बरोबरच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत तसंच आहे. पण तो नियम परिसरातल्या आवाजाचा. माझ्या घरघंटीनं खालच्या माणसाची झोप मोडावी की नाही, हे त्यावरून ठरवायला मी तयार नाही.

आमच्या चिरंजीवांनी तर मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावलं. ताईंच्या परवानगीनं त्यांच्या खोलीत मोजलं तर आकडा आला ३९. “बघा बाबा, आपण नियमात आहोत!” मी म्हटलं, फोन खिशात घाल. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या चालीनं केलेलं असतं आणि कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ते खर्जाला सूट देतं. ५० हर्ट्झच्या आसपासच्या घुमण्यातून जवळजवळ ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. त्यात फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला, खर्जात तो आधीच कच्चा. ३९ आकडा दिसतो, पण पलंगावर पडलेल्या माणसाला तो आवाज कानाआधी गादीतून कळतो. मी स्वतः तिथल्या कपाटाच्या दाराला हात लावून पाहिला. दार थरथरत होतं. यापुढं ॲपचा विषय नको.

मी तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. फिरणारं यंत्र आणि त्याच्या तक्रारी एवढंच मला कळतं, पण इथं तेवढं पुरतं. शुक्रवारी संध्याकाळी ताई जाग्या असताना मी खाली त्यांच्या खोलीत बसलो आणि वर सूनबाई फोनवरून सांगेन तसं करत गेली. काय सापडलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या सोसायटीत घरघंट्या एकूण पाच आहेत, आणि वॉशिंग मशीन तर घरोघरी.

पहिल्यांदा वरच्या खोलीचं दार-खिडकी बंद करून दळण लावलं. खाली काडीचा फरक नाही. मग सगळं सताड उघडलं. जिन्यात आवाज वाढला, ताईंच्या खोलीत तेवढाच. याचा अर्थ त्यांना त्रास देणारा आवाज हवेतून येतच नव्हता. मग घरघंटी उचलून चार पदरी गोधडीवर ठेवली आणि मिनिटभर रिकामी चालवली. खाली घुमणं एकदम बसलं. राहिली ती लांबून येणारी बारीक सूं. (हा प्रयोग मिनिटभराचाच. गोधडीनं खालची हवेची जाळी झाकली जाते, मोटार तापते, आणि यंत्र डुगडुगतं ते वेगळंच.) म्हणजे वाट स्लॅबची. आपला स्लॅब पाचेक इंचांचा, वर टाइल्स. काँक्रीट हा भरीव, कडक पदार्थ, एका टोकाला दिलेली थरथर दुसऱ्या टोकाला जवळपास तशीच पोचवतो. खाली ताईंचं छत म्हणजे मग ताशाचं कातडं, आणि काठी आमच्याकडे.

म्हणूनच ४०१ नं सुचवलेला उपाय, ताईंच्या छताला थर्माकोल लावायचा, मला पटत नाही. थर्माकोल इतका हलका की खर्जातल्या आवाजाला तो असून नसल्यासारखा. शिवाय स्लॅब हलतोय तो हलतोयच, भिंतींतूनही उतरतोय. आणि मुख्य म्हणजे चूक वर आणि डागडुजी खाली, हे कुठलं गणित?

तिसरी गोष्ट मजेची. बटण बंद केल्यावर आवाज हळूहळू कमी व्हायला हवा ना? पण वेग उतरताना मध्येच एका टप्प्यावर तो एकदम फुगायचा, कपाटाचं दार खडखडायचं, आणि मग सगळं शांत. पंपवाल्यांना ही खूण ओळखीची आहे. प्रत्येक वस्तूची डुलायची एक स्वतःची गती असते. स्लॅबची, कपाटाची, पाळण्याचीसुद्धा. यंत्राची गती तिच्याशी जुळली की थोड्या धक्क्यातही वस्तू भरपूर हलते. वेग त्या टप्प्यावरून पुढं सरकला की विषय संपतो. कारखान्यात ही खूण दिसली की आम्ही आधी यंत्राचे पाय बघायचो.

तर पाय बघितले. घरघंटीला खाली चार प्लॅस्टिकची चाकं असतात, झाडायला सरकवता यावी म्हणून. चाळीसेक किलोचं यंत्र आणि टाइलला टेकतंय नखाएवढ्या चार ठिपक्यांवर. आमचं तर तीनच ठिपक्यांवर होतं! चौथ्या चाकाखालून पोस्टकार्ड आरपार गेलं. ते चाक दर फेऱ्याला टाइलवर टकटक करत होतं. ताईंनी ‘कुणीतरी वर सतत खिळे ठोकतंय’ असं लिहिलं होतं, ते हेच. शिवाय यंत्राची पाठ भिंतीला टेकलेली. ती भिंत साडेचार इंची, तिची दुसरी बाजू आमच्या संडासाची, आणि तीच थेट खाली ताईंच्या उशाशी उतरते.

मग झाकण उघडलं, आधी प्लग काढून. आत जाळीच्या मधोमध फिरणारं पातं असतं, घरगुती घंटीत जातं नसतं, हे पातंच दाणा फोडतं. आमच्या पात्याच्या एका बाजूला पीठ थापून दगड झालं होतं. श्रावणात धुतलेले तांदूळ नीट न वाळवता दळले होते, त्याची ही शिक्षा. वजनानं ते असेल दोन-तीन तोळे. पण मोटार मिनिटाला २८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४६-४७. एवढ्या वेगानं फिरताना एका बाजूचं ते थोडंसं वजन दर फेऱ्याला अख्खं यंत्र आपल्याकडे खेचतं. सेकंदाला ४६-४७ हिसके. ताईंना ऐकू येणारी ‘घूं’ ती हीच. खरवडून, ब्रशनं साफ करून पातं पुन्हा बसवलं. बेअरिंग लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक मोटारीच्या स्थिर कवचाला लावून ऐकलं. खरखर नाही, म्हणजे ते ठीक आहे.

शनिवारी एवढंच केलं: पातं साफ, चाकाखाली चकती, यंत्र भिंतीपासून वीतभर पुढं. ताई म्हणाल्या, निम्मं कमी झालं. ठोकाठोकी गेली, घुमणं थोडं उरलं. ‘निम्मं’ म्हणजे समाधान नव्हे, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्या भिडस्त आहेत, म्हणून मीच लिहितो.

आता पुढचा उपाय. खोलीचा तो पूर्वेकडचा कोपरा, जिथं कॉलम आहे आणि दोन बीम मिळतात, तिथं घरघंटी न्यायची. स्लॅब मधोमध सगळ्यात जास्त लवतो, कॉलमजवळ सगळ्यात कमी. तिथं जमिनीवर रबराचे चार ठोकळे, ४० मिलिमीटर उंचीचे. त्यांच्यावर दोन बाय दोन फुटांची शहाबादी, ३ सेंटिमीटर जाडीची. तिच्यावर पातळ रबरी शीट आणि वर चाकं काढलेली घरघंटी, खालची हवेची जाळी मोकळी राहील अशा बेतानं. कोपरा असला तरी दोन्ही भिंतींपासून वीतभर अंतर राहीलच.

शहाबादी कशाला, असं घरातही विचारलं गेलं. तिचं वजन भरतं पंचवीस ते तीस किलो. हिसका तेवढाच, पण हलवायचं वजन आता जवळजवळ दुप्पट, म्हणून यंत्राचं हलणंच कमी होतं. आणि दुसरं म्हणजे त्या वजनानं रबर नीट दबतं. लोक इथंच फसतात. वॉशिंग मशीनखाली कडक रबराच्या वाट्या लावतात, त्या वजनानं अजिबात दबत नाहीत, आणि मग म्हणतात रबराचा उपयोग नाही. न दबणारं रबर म्हणजे काळी फरशी. आपल्याला ते ३ मिलिमीटरच्या आसपास दबायला हवं. तेवढं दबलं की त्यावर ठेवलेल्या वजनाची स्वतःची डुलायची गती सेकंदाला साधारण ९ येते. मोटारीचे हिसके सेकंदाला ४६-४७. दोघांत एवढं अंतर असलं की रबर हिसका वरच्या वर जिरवतं, खाली फारसा जाऊ देत नाही. कागदावर हिशोब केला तर विसावा हिस्साही खाली पोचत नाही. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही. झपाट्यानं हलताना रबर आखडतं आणि स्लॅबही थोडा लवतो. पाचवा हिस्सा राहिला तरी मी पंपाच्या भाषेत ‘पास’ म्हणेन. ताईंच्या भाषेत पास आहे का, ते त्या सांगतील.

ठोकळे बरोबर आहेत हे ओळखायला पट्टी पुरते. आधी ४० होते, वजन ठेवल्यावर ३७ यायला हवेत, चारही कोपऱ्यांना. मोटारीकडची बाजू जड, त्यामुळं तिकडचा ठोकळा ३५ आणि समोरचा ३९ असं होणार. मग हलक्या बाजूचे ठोकळे थोडे आत, मोटारीच्या दिशेनं सरकवायचे, आणि वर पाणसळ ठेवून बघायचं. आणि एक पथ्य घरातल्यांनी पाळायचं: शहाबादीच्या आणि भिंतीच्या फटीत झाडू, सुपली, पिठाचा डबा, काहीही कोंबायचं नाही. एक झाडू अडकला तरी थरथरीला पूल मिळतो आणि चारही ठोकळे फुकट जातात. वायरसुद्धा सैल ठेवायची.

हे सगळं करूनही काय राहील ते आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर वाद नको. चालू-बंद करताना मोटार त्या ९ च्या गतीवरून जाते, तेव्हा यंत्र क्षणभर हलेल आणि खाली एखादा ‘धुम्’ जाणवेल. मका, सोयाबीन, असला कडक दाणा पडला की कडकड होणारच, ती थोडी हवेतून जिन्यात येईल. आणि हळद आम्ही घरी दळणं बंद करतोय. सांगलीत राहून हळकुंडं घरी दळायची हौस आमचीच, पण ती दगडासारखी, फोडून घातली तरी यंत्र कण्हतं. हळद आता गणपती पेठेतल्या गिरणीत.

वेळेचं म्हणाल तर यंत्र कितीही मऊ झालं तरी ताई झोपलेल्या असताना लावायचं नाही. त्यांची ड्युटी महिन्याच्या सुरुवातीला लागते. ताई, ती फक्त आमच्या घरी कळवा, सोसायटीला त्याच्याशी काय करायचंय? आमची मंडळी कॅलेंडरवर नाइट ड्युटीच्या दिवसांना खूण करणार आणि त्या दिवशी दळण दुपारी चार ते सहा. चार-पाच किलोला जेमतेम तासभर लागतो, त्यामुळं आमची काही अडचण नाही. दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची रांग लागते, तेव्हा मात्र दोन तास पुरणार नाहीत. त्या आठवड्यात ताईंना विचारूनच. ज्यांची भाजणी असेल त्यांनी घाई करू नये. दळण आदल्या दिवशी आणून ठेवा.

घरघंटी पार्किंगमध्ये न्यावी, असंही कुणी सुचवलं. सूचना वाईट नाही, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पार्किंगमध्ये किती पाणी होतं ते आठवा. मीटरच्या पेट्यांवरची ती रेघ अजून पुसलेली नाही. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघत घरघंटी तिसऱ्या मजल्यावर चढवायची, तर ती तिथंच बरी. शिवाय तिथल्या दमट हवेत पीठ थापणार, आणि पातं पुन्हा एका बाजूला जड होणार.

आता कमिटीसाठी दोन ओळी, राग मानू नये. ताईंनी गुरुवारी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, ‘पहाटेसुद्धा घूं होतं आणि मग धाडकन आवाज येतो’. ते सगळ्यांनी माझ्याच खात्यावर टाकलं. पहाटे साडेपाचला आमच्याकडे फक्त चहा होतो. ती घूं आपल्या टाकीच्या पंपाची आहे आणि ते ‘धाड’ म्हणजे पंप बंद झाल्यावर उलटं येणारं पाणी व्हॉल्व्ह आपटून बंद करतं त्याचा आवाज. टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप २०३ च्या भिंतीला नुसत्या क्लॅम्पनं आवळलाय, मध्ये रबर नाही. पंपाच्या तोंडाशी रबरी जोड, क्लॅम्पखाली रबराची पट्टी आणि स्प्रिंगवाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एवढं झालं की ते काम बरंचसं संपेल. व्हॉल्व्ह मी बसवून देतो, मजुरी नको. आणि नियमाचाच आग्रह असेल तर साडेपाच म्हणजे रात्रच की! पंप सहानंतर लावा.

घरघंटीचा खर्च आमचा. शहाबादी, रबर आणि रिक्षा धरून हजाराच्या आत बसेल. सोसायटी फंडातून द्यावा असं ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार, पण आवाज आमचा तर रबरही आमचंच. ठोकळे कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या रबरवाल्याकडून बुधवारी मिळतील. तो मला दोन प्रकारचे देणार आहे, एक मऊ, एक जरा कडक, कुठला ३ मिलिमीटर दबतो ते लावून बघू.

ताई, तुमच्याकडून एकच काम. रविवारी तुम्हाला सुटी आहे म्हणालात. संध्याकाळी साडेचारला वर गहू, मग ज्वारी, मग भाजणी असं पाळीपाळीनं दळू. तुम्ही तुमच्या पलंगावर आडव्या पडून ऐका, उभ्यानं नाही. उशाशी पाण्यानं अर्धा भरलेला पेला ठेवा. पाण्यावर वळ्या उठल्या तर सांगा, ठोकळे बदलू. आणि नुसतं ‘चालेल काका’ असं म्हणू नका, खरं सांगा. दोनदा बदलूनही जमलं नाही तर घरघंटी मागच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघरात नेऊ. मंडळींचा फ्रिज सरकवावा लागेल, त्यासाठी मी तिची संमती मिळवली आहे, कशी ते विचारू नका.

भाजणी दळून झाली की थालीपिठं लागतीलच. ताईंच्या घरच्यांना आग्रहाचं बोलावणं, आणि ४०१ नंही यावं, थर्माकोल न आणता.

आणि शहाबादी शनिवारी सकाळी दहाला खाली येतेय. ताई तेव्हा झोपलेल्या असतील, म्हणून ती रिक्षातून आपटून उतरवायची नाही. लिफ्टपर्यंत उचलून न्यायला दोन तरुण पोरं हवीत. माझी कंबर त्या कामाची राहिलेली नाही. नावं मला किंवा वॉचमनला कळवा.

आपला,
३०३ मधला काका
(आणि दळणारी खरी मालकीण, काकू)